ओळखीच्या चालीवर साक्षरतेचं गाणं: टाळ्या मोजून शब्द कसे बसवायचे

गावात साक्षरता वर्ग सुरू होणार असला की कोणीतरी म्हणतंच, "एखादं गाणं करा की, बायका म्हणतील." मग एखादे गुरुजी किंवा कार्यकर्ती वही घेऊन बसतात, आठ-दहा ओळी लिहितात, यमकंही जुळतात. पण गायला लागलं की तिसऱ्या ओळीत सगळ्यांची जीभ अडखळते. असं झालं की दोष बहुतेक वेळा चालीत नसतो आणि कवितेतही नसतो. ओळीत किती ठोके आहेत आणि कोणता शब्द कोणत्या ठोक्यावर पडतो, हे कोणी मोजलेलं नसतं. ते मोजायचं कसं, हे इथे एकच चाल आणि एकच गाणं घेऊन दाखवतो. संगीत शिकलेलं असायची गरज नाही. टाळी वाजवता आली की पुरे.

चाल निवडताना

पश्चिम महाराष्ट्रात भोंडला किंवा हादगा, विदर्भ-खानदेशात भुलाबाई. फेर धरून म्हणायची ही गाणी या कामाला सगळ्यात सोयीची, कारण पावलं आणि टाळ्या त्यांच्यात आधीच आहेत. पोवाड्याची चालही चालते, पण तिला डफ लागतो आणि खड्या आवाजाचा गडी लागतो. जात्यावरच्या ओव्या मोहक असल्या तरी या पद्धतीला दाद देत नाहीत. ओवीची ओळ बाई आपल्या श्वासाप्रमाणे लांबवते, आखडते. दोघी वेगवेगळ्या गावच्या असल्या तर एकच ओवी दोन लांबीची होते. तिथे ठोके मोजून उपयोग नाही.

चाल निवडताना अजून एक बघा: मूळ शब्द जिभेवर किती घट्ट बसलेत. आरतीच्या चालीवर नवे शब्द घातले तर काहींना ते खटकतं. द्वयर्थी लावणीची चाल घेतली तर मागच्या रांगेतली पोरं जुनेच शब्द म्हणतात आणि हशा पिकतो. फेराच्या गाण्यांत हा धोका कमी, कारण त्यांत आधीपासूनच कडवी बदलायची, नवी घालायची मोकळीक आहे.

आधी शब्द काढून टाका

चाल ठरली की मूळ गाण्याची एक ओळ नुसत्या "दा दा दा"वर म्हणा आणि टाळी वाजवा. मोबाइलवर रेकॉर्ड करून ठेवा, म्हणजे नंतर वेग बदलणार नाही. दोन गोष्टी टिपायच्या: ओळीत टाळ्या किती, आणि एका टाळीपासून दुसऱ्या टाळीपर्यंत किती मात्रा मावतात. मात्रा म्हणजे एक ऱ्हस्व अक्षर उच्चारायला लागतो तेवढा वेळ. दीर्घ अक्षराला दोन मात्रा लागतात.

आपण जी चाल घेऊ तिच्यात एका ओळीला चार टाळ्या आहेत. दर टाळीत चार मात्रा. फक्त चौथ्या टाळीत शब्दाच्या दोनच मात्रा येतात, उरलेल्या दोन मात्रांत सूर लांबतो आणि श्वास घेतला जातो. म्हणजे शब्दांसाठी जागा चौदा मात्रांची: आधी आठ, मग जरासा ठेहराव, मग सहा. ही आठ-अधिक-सहाची बांधणी फेराच्या गाण्यांत पुष्कळ भेटते.

कागदावर चार रकाने आखा आणि त्यांत ही ओळ भरा:

शाळा | भरते | राती | लाऽऽ

शा आणि ळा दोन्ही दीर्घ, म्हणून दोन अधिक दोन, चार. भ आणि र ऱ्हस्व, ते दीर्घ, म्हणजे एक, एक, दोन, पुन्हा चार. राती चार, ला दोन, आणि पुढचं लांबवणं. ओळ बसली. हाताने टाळी वाजवत एकदा मोठ्याने म्हणून बघा. पहिल्या तीन टाळ्या एकेका नव्या शब्दाच्या पहिल्या अक्षरावर पडतात, आणि चौथी पडते ती "ला"वर. हे महत्त्वाचं आहे, पुढे त्याकडे परत येऊ.

आता याच रकान्यांत मोहिमेची नेहमीची घोषणा भरून बघा: "साक्षरता हा विकासाचा पाया आहे." गंमत म्हणजे "साक्षरता हा" बरोबर आठ मात्रांचं आहे. पण पुढच्या सहा मात्रांच्या जागेत "विकासाचा पाया आहे" घालायला गेलं तर मोजणी पंधरावर जाते. कितीही भरभर म्हटलं तरी ते मावत नाही. सरकारी वाक्यं गाण्यात न बसण्याचं कारण बऱ्याचदा इतकं साधं असतं. अशा वाक्याला कात्री लावत बसू नका, ते सोडून द्या. गाण्याला घोषणा नको असते. शाळा कधी भरते, कुठे भरते आणि तिथे काय मिळतं, एवढं त्याने सांगितलं की झालं.

मोजायचं तोंडाने, डोळ्यांनी नाही

नवशिक्याची खरी अडचण इथे येते, म्हणून इथे थोडं थांबू.

कागदावरची अक्षरं मोजली तर "अंगठा" म्हणजे अं, ग, ठा: दोन, एक, दोन, एकूण पाच मात्रा. चारच्या रकान्यात बसणार नाही असं वाटतं. पण कोणत्याही बाईला हा शब्द म्हणायला सांगा. ती "अंग्ठा" म्हणते. मधला अ गिळला जातो आणि उरतात दोन जड तुकडे, म्हणजे चार मात्रा. "मावशी"चं "माव्शी" होतं, "आपलं"चं "आप्लं", "लेखणी"चं "लेख्णी", "पावती"चं "पाव्ती". हे सगळे कागदावर पाच आणि तोंडात चार.

मात्र प्रत्येक गिळलेल्या अ-मुळे मात्रा कमी होते असं नाही. "भरते" बोलताना "भर्ते" होतं, पण मोजणी तीच राहते, कारण "भ" आणि "र" या दोन ऱ्हस्वांचा मिळून "भर्" असा एक जड तुकडा होतो. दोन ऱ्हस्व गेले, एक दोन मात्रांचा आला. मात्रा कमी होते ती आधीचं अक्षर मुळातच दीर्घ असेल तेव्हा. सोपी युक्ती अशी: तीन अक्षरी शब्द दीर्घाने सुरू होत असेल आणि मधलं अक्षर साधं अकारान्त असेल, तर तो बोलून बघितल्याशिवाय मोजू नका.

जोडाक्षरांचंही तसंच. "पुस्तक"मध्ये पु-वर जोर पडतो, म्हणून पु-च्या दोन मात्रा, आणि सगळा शब्द चारचा. पण "तुझ्या"मध्ये तु-वर जोर नाही, तो एकाच मात्रेचा राहतो आणि शब्द तीनचा. शाळेत शिकलेला "जोडाक्षराआधीचं अक्षर गुरू" हा नियम डोळे मिटून लावला तर इथे फसगत होते. जोर पडतो की नाही हे कानाने ठरवा.

शंका आली तर वाद घालू नका. गाणं म्हणणाऱ्या एखाद्या आजीला ती ओळ म्हणायला लावा. तिने जसं म्हटलं तसं मोजा.

मोजणी बरोबर, तरी ओळ लंगडी

समजा दुसरी ओळ तुम्ही अशी केली: "चल ग सखे तू सोबतीला." पहिल्या भागाच्या मात्रा मोजा: च, ल, ग, स एकेक, खे आणि तू दोन-दोन. आठ भरल्या. "सोबतीला" तोंडात "सोब्तीला" होतं, म्हणजे सहा. गणित चोख आहे. आता रकान्यांत भरा:

चल ग स | खे तू | सोबती | लाऽऽ

"सखे" हा शब्द दोन टाळ्यांत फाटला. टाळी "खे"वर पडते आणि ऐकणाऱ्याला "चलगस, खेतू" असं काहीतरी ऐकू येतं. मोठ्या गर्दीत, आवाज घुमत असताना, अशी ओळ समजतच नाही. म्हणून मोजणीनंतरची दुसरी तपासणी ही: टाळी शब्दाच्या सुरुवातीला पडली पाहिजे. निदान पहिल्या तीन टाळ्यांना तरी. चौथ्या टाळीवर शब्दाचं शेवटचं अक्षर आलं तर चालतं, कारण तिथे सूर लांबतो आणि कान ते अक्षर मागच्या शब्दाला जोडून घेतो.

दुरुस्ती करताना चार मात्रांचे शब्द शोधायचे. "काकी" चार, "ताई" चार:

काकी | ताई | सोबती | लाऽऽ

ओळ बसली, आणि "सखे"पेक्षा जास्त घरगुतीही झाली. गल्लीतल्या बायका एकमेकींना सखे म्हणत नाहीत.

याच कामासाठी मी वहीच्या मागच्या पानावर चार मात्रांच्या शब्दांची यादी ठेवतो: शाळा, पाटी, पैसे, अंगठा, आकडे, लेखणी, पुस्तक, वाचू, मोजू, सगळे, कसली. शब्दांचे हे ठोकळे हाताशी असले की ओळ रचायला वेळ लागत नाही. ग, ना, की, तू हे छोटे शब्द भर घालायला उपयोगी पडतात. पण एका ओळीत दोनदा "ग" आला की समजावं, आपण रकाना भरतोय, सांगत काहीच नाही.

ठेहरावाच्या जागेची खोड

पहिल्या आठ मात्रांनंतर चाल क्षणभर थांबते. म्होरकी पहिला अर्धा भाग म्हणते आणि बाकीच्या तेवढाच झेलतात, अशी रीत बऱ्याच गावांत आहे. त्यामुळे तो अर्धा भाग स्वतंत्रपणे ऐकू येतो, आणि त्याचा अर्थ स्वतंत्रपणे बरोबर असावा लागतो.

ही ओळ बघा: "शाळा सोडू नकोस तू." मात्रा ठीक, टाळ्या ठीक. पण थांबा येतो "शाळा सोडू"नंतर. तीस बायकांनी एकमुखाने "शाळा सोडू" असं म्हटलं की मोहिमेचं काय होईल ते सांगायला नको. नकार नेहमी ठेहरावाच्या अलीकडे आणा:

नको ग | सोडू | शाळे | लाऽऽ

आता पहिला अर्धा भाग "नको ग सोडू" असा होतो आणि उलटा अर्थ निघत नाही. शक्य तिथे नकारच टाळा, हे त्याहून बरं.

पूर्ण गाणं

काय सांगायचं हे ठरवताना वर्गात काय शिकवणार ते समोर ठेवा. सध्याचा उल्लास नवभारत साक्षरता कार्यक्रम (2022 ते 2027) 15 वर्षे आणि त्यावरच्या लोकांसाठी आहे, आणि त्याच्या शेवटच्या चाचणीत वाचन, लेखन, संख्याज्ञान असे तीन भाग प्रत्येकी 50 गुणांचे असतात. गुणांची भाषा गाण्यात आणायची नाही, पण तीन भागांची तीन कडवी सहज होतात. एका कडव्यात एकच गोष्ट. पालुपद आणि तीन कडवी अशी:

शाळा भरते रातीला
काकी, ताई सोबतीला

अंगठा सोड ग, लेखणी घे
आपलं नाव ग गिरवुन घे

पाटी वाचू एस्टीची
भीती कसली चुकण्याची

पैसे मोजू मजुरीचे
आकडे सगळे ओळखीचे

एक कडवं उलगडून बघू. "अंगठा" तोंडात चार. "सोड ग" म्हणजे दोन, एक, एक; चार. "लेखणी" चार, "घे" दोन. खालच्या ओळीत "आपलं" तोंडात चार. "नाव ग" पुन्हा दोन, एक, एक. "गिरवुन" चार ऱ्हस्व अक्षरं, म्हणजे चार मात्रा, "घे" दोन. शुद्ध लिहायचं तर "गिरवून", पण मग रकाना पाचचा होतो. पदासाठी वू ऱ्हस्व करायची मुभा जुन्या कवींपासून चालत आली आहे, तिचा फायदा घ्या. मात्र वर्गात हाच शब्द फळ्यावर लिहाल तेव्हा दीर्घ लिहा.

पुरुषांचा वर्ग असेल तर "सोड ग"च्या जागी "सोड रे" चालतं का? कागदावर "सोड रे" पाच, पण बोलताना "सोड्रे" होतं आणि चारमध्ये बसतं. चालतं. खालच्या ओळीतलं "नाव ग"ही तसंच "नाव रे" करा. "काकी, ताई"च्या जागी "काका, दादा" घाला, तेही चार-चार.

पालुपदातली शेवटची सहा मात्रांची जागा गावागणिक बदलायची आहे असं समजूनच ठेवा. वर्ग दुपारी असेल तर "शाळा भरते दुपारला", चावडीवर असेल तर "शाळा भरते चावडीला". दोन्ही सहा मात्रांचे, आणि दोन्हींच्या शेवटी "ला" असल्यामुळे यमक मोडत नाही. चौथ्या टाळीवर काय येतं हेही बघा: दुपार | ला, चावडी | ला. बसतं. "समाजमंदिरात" मात्र कसंही केलं तरी मावत नाही. तिथे वेळ सांगा, जागा तोंडी सांगा.

एक शब्द मी गाण्यात मुद्दाम घातलेला नाही: निरक्षर. आणि "अडाणी" तर नाहीच. ज्यांनी म्हणायचं त्यांनीच स्वतःला टाळ्या वाजवत अडाणी म्हणायचं, हे कोणाला आवडेल?

सहा मात्रांची चाल निघाली तर

"दा दा" म्हणताना एका टाळीत चारऐवजी तीनच मात्रा मावताहेत, चाल झोक्यासारखी हिंदकळते आहे, असं जाणवलं तर ती दादऱ्याच्या, म्हणजे तीन-तीन मिळून सहा मात्रांच्या तालाच्या, अंगाची आहे. तिथे वरचे शब्द एकही चालणार नाहीत, कारण "शाळा" चारची आहे आणि रकाना तीनचा. अशा चालीला तीन मात्रांचे शब्द लागतात: नाव, हात, पाठ, लिही, धरी, नवी. "नाव लिही, हात धरी" अशा घाटाच्या ओळी होतात. चारची ओळ ओढूनताणून तीनच्या चालीत घालायचा प्रयत्न करू नका. नवीन यादी करा, ते लवकर होतं. पाळण्याच्या काही चाली अशा असतात, म्हणून "पाळण्याच्या चालीवर म्हणा" असं सांगण्याआधी मोजून घ्या.

शिकवणं आणि फळा

गाणं तयार झालं की ते छापून वाटण्यात अर्थ नाही, कारण ज्यांच्यासाठी आहे त्यांना अजून वाचता येत नाही. कानानेच शिकवायचं. दोन-तीन आवाज चांगले असलेल्या बायकांना आधी पाठ करू द्या आणि त्या गाताना कागद समोर धरून बसा. जिथे त्या दरवेळी अडखळतात तिथे खूण करा. एखादी बाई नकळत तुमचा शब्द बदलून दुसरा म्हणत असेल आणि तो रकान्यात बसत असेल, तर तिचाच शब्द ठेवा. तो तिथल्या बोलीतला असतो आणि तुमच्यापेक्षा गोळीबंद असतो.

वेग किती ठेवायचा? फेर धरून चालताना पाऊल जितक्या सहज पडतं तितका. बसून, माइकवर सराव केला की वेग वाढतो, आणि गिळलेले अ आणखी गिळले जातात. "चुकण्याची"सारखा शब्द मग नुसता "चुक्ण्ची" ऐकू येतो.

गाणं गावात रुळलं, पोरंसोरंही म्हणायला लागली, की त्याचा दुसरा उपयोग सुरू होतो. पालुपदाची पहिली ओळ फळ्यावर मोठ्या अक्षरांत लिहा, शब्दांमध्ये ठळक जागा सोडून. सगळ्यांनी टाळी वाजवत म्हणायचं आणि एकीने दर टाळीला पुढच्या शब्दावर बोट ठेवायचं. "शाळा"वर पहिली टाळी, "भरते"वर दुसरी, "रातीला"वर तिसरी. चौथीला बोट त्याच शब्दाच्या "ला"वर सरकवायचं. शब्द टाळीवर सुरू व्हावा असं आधी आपण बघितलं होतं ते इथे कामी येतं: ऐकू येणारा शब्द आणि बोटाखालचा शब्द एकच असतो. फाटलेल्या शब्दांची ओळ असती तर बोट चुकीच्या जागी गेलं असतं.

यात एक फसवणूक होऊ शकते. बाई न वाचताच पाठ म्हणते आणि बोट नुसतं पुढे सरकतं. ओळखायचं असेल तर गाणं थांबवा, शेवटून सुरुवात करा. आधी "रातीला"वर बोट ठेवून हे काय ते विचारा, मग "शाळा"वर. तिला पहिल्यापासून मनात म्हणत तिथपर्यंत यावं लागत असेल, तर शब्द अजून डोळ्यांच्या ओळखीचा झालेला नाही. अशा वेळी तीन शब्दांची तीन कार्डं करा, उलटसुलट मांडा आणि तिच्याकडून ओळ लावून घ्या. पुढच्या दिवशी त्यात "पाटी" आणि "पैसे" मिसळा, आणि "शाळा" वेगळी काढायला सांगा.